दिवाळीसाठी खान्देशातल्या दुकानांना माल आणि गाड्या किती लागतील?

प्रश्न: आमची जळगाव, धुळे, नंदुरबार भागात ८ दुकानं आहेत, गोदाम जळगावला. गेल्या दिवाळीत ऐन धनत्रयोदशीला पोहे संपले आणि भाऊबीजेनंतर गोदामात माल पडून राहिला. यंदा माल आणि गाड्यांचा हिशोब कसा लावू?

उत्तर: मी आठ-नऊ वर्षं अशाच एका साखळीचा माल पाठवतो आहे. पहिलं सांगायचं ते हे की मागच्या वर्षीचा विक्रीचा तक्ता तारखेनं उघडू नका, तिथीनं उघडा. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला. तारखेला तारीख लावली की ११ दिवसांची चूक तिथंच झाली. मी वसुबारस म्हणजे शून्य धरतो आणि प्रत्येक वस्तूसमोर 'उणे १०', 'उणे ५', 'अधिक १' असे दिवस लिहितो. मग दिसतं की फराळाचा माल, म्हणजे पातळ पोहे, डाळं, बेसन, तेल, वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यातच जोरात जातो. उटणं, पणत्या, भेटीचे डबे मात्र धनत्रयोदशीच्या आसपास. सगळ्याला 'दुप्पट' असा एकच आकडा लावला की एक संपतं आणि दुसरं उरतं. तुमचं तेच झालं असावं. शिवाय आपल्याकडे दिवाळी उशिरा आली की कापसाचे पैसे हातात आलेले असतात. लवकर आली तर पूर्वहंगामी बागायती कापूसवाल्यांकडेच काय ते येतात, म्हणून तालुक्याच्या दुकानांचा अंदाज मी त्या वर्षी हात राखून करतो.

दुसरी गोष्ट, संपलेल्या मालाची विक्री म्हणजे मागणी नव्हे. समजा एका दुकानात धनत्रयोदशीला पोहे दुपारी ४ ला संपले, तोवर १२० किलो गेले होते. माल न संपलेल्या गर्दीच्या दिवसांची बिलं पाहिली तर ४ वाजेपर्यंत दिवसाच्या विक्रीतला साधारण ४० टक्के भाग झालेला दिसतो. म्हणजे खरी मागणी ३०० किलोच्या घरात होती. मात्र हा हिशोब सगळ्या पोह्यांचा एकत्र करा. एक छाप संपली की गिऱ्हाईक दुसरी उचलतं, त्यामुळे प्रत्येक छाप वेगळी मोजली तर तेच गिऱ्हाईक दोनदा मोजलं जातं.

आता गाड्या. एरवी प्रत्येक दुकानाला आठवड्यात २ खेपा, म्हणजे १६, असं धरू. ३ गाड्या, ६ दिवस, रोज एक खेप अशा १८ खेपा निघतात. वसुबारसेच्या आधीच्या दोन आठवड्यांत गरज २२ आणि मग ३६ झाली, तर शेवटच्या आठवड्यासाठी ६ गाड्या लागतील. तेव्हा भाडं चढलेलं असतं आणि परप्रांतातले ड्रायव्हर गावाला निघालेले असतात. त्यापेक्षा २ जादा गाड्या दोन्ही आठवड्यांसाठी बांधा. ५ गाड्यांच्या ३० खेपा होतात. पहिल्या आठवड्यात २२ अधिक पुढच्या आठवड्याच्या ६, अशा २८ पाठवा, म्हणजे शेवटच्या आठवड्यात ३० उरतात. आधी पाठवायच्या त्या ६ खेपांत साखर, साबण, मैदा, तेल असा टिकणारा आणि कमी जागेत मावणारा माल द्या. पोहे नकोत. गाडी वजनानं भरायच्या आधीच त्यांच्या गोण्यांनी भरते आणि दुकानात मागची खोलीही तेच अडवतात.

ही खोली आधी मोजून घ्या. एका वर्षी मी हौसेनं तीन आठवडे आधीच साखर धुळ्याला पाठवून दिली. ऐन गर्दीत पोह्यांची गाडी दाराशी गेली तर हमालाचा फोन, "भाऊ, मांगे जागाच नही." गाडी पाच तास उभी राहिली, त्या दिवशीची दुसरी खेप बुडाली आणि गोण्या गिऱ्हाइकांच्या पायात आल्या. तेव्हापासून गर्दीच्या आठवड्यात गाडी रात्री भरून सकाळी ६ ला दुकानाच्या दारात लागते, दुकान उघडण्याआधी रिकामी होते. दुकानावर नेहमीच्या २ हमालांच्या जागी ४ लागतात. हा खर्च गाडी उभी ठेवण्यापेक्षा स्वस्त पडतो. नंदुरबारची गाडी आदल्या रात्रीच निघते, तिला एका खेपेत धरू नका, दीड धरा.

उरणाऱ्या मालाचं म्हणाल तर भेटीच्या डब्यांची शेवटची खेप मी वसुबारसेलाच बंद करतो. त्यानंतर कमी पडलं तर जवळच्या दुकानातून हलवतो, भुसावळ-जळगाव तर तासाभराचं काम आहे. आणि जादा गाड्यांचं बोलणं दसऱ्याआधी पक्कं करून थोडा विसार द्या. दसऱ्यानंतर कापूस जिनिंगकडे जायला लागला की छोटा गाडीमालक तुमचा फोन उचलत नाही.