वर्गसमीकरण: अवयव की सूत्र?

सर, समीकरण समोर आलं की अवयव पाडायचे, पूर्ण वर्ग करायचा की सूत्र वापरायचं, हेच कळत नाही. अवयव शोधता शोधता पेपरातली दहा मिनिटं जातात. कसं ठरवायचं?

अवयव शोधायला बसण्याआधी ते आहेत का, हे विचारून घे. त्यासाठी विवेचक, म्हणजे b² − 4ac, काढायचा. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग आला, तर अवयव नक्की पडतात.

6x² − 7x − 20 = 0 घे. विवेचक 49 + 480 = 529, म्हणजे 23 चा वर्ग. आता गुणाकार −120 आणि बेरीज −7 येणाऱ्या संख्या शोध: −15 आणि 8. मधलं पद फोडलं की (2x − 5)(3x + 4) = 0 मिळतं आणि मुळे 5/2 व −4/3.

शेवटच्या 20 च्या जागी 19 ठेव. दिसायला समीकरण तसंच, पण विवेचक 505 होतो. 22 चा वर्ग 484, 23 चा 529. मध्ये कोणी नाही. तासभर शोधलंस तरी पूर्णांक जोडी सापडणार नाही. सरळ सूत्र वापर: x = (7 ± √505)/12. विवेचक ऋण आला तर वास्तव मुळेच नाहीत, तिथेच थांब.

सहगुणकांत √3 सारखी संख्या असेल तर मात्र ही कसोटी फसते. x² − (√3 + 1)x + √3 = 0 चा विवेचक 4 − 2√3 आहे, तरी अवयव (x − 1)(x − √3) सहज दिसतात.

x² − 5x = 0 मध्ये दोन्ही बाजूंना x ने भागलं, उत्तर 5 आलं. चूक काय?

x शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. भागताना 0 हे मूळ हरवलं. स्थिरपद नसेल तर x सामाईक काढायचा: x(x − 5) = 0.

सूत्र सगळीकडे चालतं, मग पूर्ण वर्ग कशाला शिकायचा?

कारण सूत्र त्यातूनच आलं आहे. समीकरणाला आधी 4a ने गुणायचं, ही युक्ती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावानिशी नोंदवली आहे. वरच्या पहिल्या समीकरणाला 24 ने गुणून पाहा: (12x − 7)² = 529. विवेचक इथे उजवीकडे उघड दिसतो. तो पूर्ण वर्ग असला की 12x − 7 = ±23 होतं, म्हणून मुळे परिमेय येतात.

हाताने सोडवताना मी पूर्ण वर्ग एकाच ठिकाणी निवडतो: x² चा सहगुणक 1 आणि मधला सम असेल तेव्हा. x² − 6x − 11 = 0 म्हणजे (x − 3)² = 20, म्हणून x = 3 ± 2√5. सूत्राने √80 सोपं करून पुन्हा 2 ने भागावं लागतं, आणि मुलं नेमकी तिथे एकाच पदाला भागून मोकळी होतात. (x − 4)² = 7 असंच दिलं असेल, तर कृपया कंस सोडवू नका. वर्गमूळ घ्या, ± विसरू नका.