एक्सेलमधल्या मराठी नोट्स अँकीत नेण्यासाठी सीएसव्ही नेमकी कशी बनवायची?

प्रश्न: दापोलीत राहून राज्यसेवेचा अभ्यास करतेय. कोकणच्या भूगोलाचे ३०० प्रश्नोत्तरं एक्सेलमध्ये आहेत. सीएसव्ही करून अँकीत घेतली तर सगळीकडे ???? दिसतं. मैत्रिणीने तिच्या लॅपटॉपवर करून दिली तर अक्षरं नीट आली, पण काही कार्डांवर अर्धंच उत्तर आहे. काय चुकतंय?

उत्तर:

दोन वेगळ्या चुका आहेत. आधी अक्षरांची बघू.

एक्सेलच्या `Save As` मध्ये सीएसव्हीचे एकाहून जास्त प्रकार दिसतात. नुसतं `CSV (Comma delimited)` निवडलं की फाइल जुन्या, इंग्रजीपुरत्या अक्षरसंचात जाते. त्यात देवनागरी नसल्यामुळे एक्सेल प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतं. त्या फाइलमध्ये आता खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत, त्यातून मराठी परत निघणार नाही. ती टाकून द्या आणि मूळ `.xlsx` उघडून `CSV UTF-8 (Comma delimited)` या प्रकारात पुन्हा सेव्ह करा. गूगल शीट्समधून डाउनलोड केलेली सीएसव्ही मुळातच यूटीएफ-८ असते.

याच्या उलटा प्रकारही दिसेल: गूगल शीट्सची सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली की `à¤µà¤¾` असलं काहीतरी येतं. तिथे फाइल ठणठणीत असते, फक्त एक्सेल ती चुकीची वाचतंय. सेव्ह न करता बंद करा, बस्स. आणि नोट्स क्लासच्या जुन्या डीटीपी फाइलमधून, श्रीलिपीसारख्या फॉन्टमधून चिकटवल्या असतील, तर ते मुळात युनिकोड नाही. आधी कन्व्हर्टरमधून काढावं लागेल.

आता अर्ध्या उत्तरांचं. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना. ही ओळ बघा:

```
ko-002,कोकण विभागातले सात जिल्हे कोणते?,मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग,जिल्हे
```

अँकीला यात चार नाही, दहा रकाने दिसतात. उत्तरात फक्त «मुंबई शहर» जातं. चौथा रकाना टॅगचा ठेवला असेल तर «मुंबई» आणि «उपनगर» असे दोन टॅग तयार होतात, कारण टॅग स्पेसवर तुटतात. उरलेले जिल्हे गायब. म्हणून `Browse` उघडून डावीकडची टॅगची यादी आधी चाळायची. तिथे भलतेच शब्द दिसले की कुठल्या ओळी फुटल्यात ते लगेच कळतं.

उपाय म्हणजे स्वल्पविराम असलेला मजकूर दुहेरी अवतरणात ठेवणं. एक्सेल आणि शीट्स सेव्ह करताना हे स्वतःच करतात. त्यामुळे तुमच्या फाइलमध्ये ओळी फुटल्यात म्हणजे कुठेतरी नोटपॅडमध्ये किंवा फोनवर हाताने टाइप झालंय. हाताने लिहिताना तीन गोष्टी नडतात. फोनचा कीबोर्ड किंवा वर्ड वळणदार “ ” अवतरण देतं, ते इथे चालत नाही, सरळ `"` हवं. स्वल्पविराम आणि `"` यांच्यामध्ये स्पेस नको, नाहीतर अवतरण मजकुराचाच भाग समजलं जातं. आणि उत्तरातच `"` हवं असेल तर ते दोनदा, `""` असं लिहायचं.

आता खरा महत्त्वाचा भाग. अँकी नोटची ओळख पहिल्या रकान्यावरून ठरवतं. पहिल्या रकान्यात प्रश्न ठेवला आणि पुढे त्यातली एक वेलांटी जरी सुधारून फाइल पुन्हा घेतली, तर अँकीच्या लेखी तो नवा प्रश्न. जुनं चुकीचं कार्ड तसंच राहतं आणि शेजारी दुसरं येतं. ३०० कार्डांत हा गोंधळ निस्तरणं कंटाळवाणं आहे. म्हणून पहिला रकाना क्रमांकाचा ठेवा: `ko-001`, `ko-002`... एक्सेलमध्ये खाली ओढलं की आपोआप भरतो. नुसतं `001` नको, एक्सेल पुढची शून्यं खाऊन टाकतं.

त्यासाठी अँकीत `Tools > Manage Note Types > Add` मधून `Add: Basic` घ्या आणि नाव द्या «कोकण». मग `Fields` मध्ये «क्रमांक» हे फील्ड जोडून `Reposition` ने १ नंबरवर आणा. कार्डाच्या टेम्पलेटला हात लावायचा नाही. तिथे फक्त `Front` आणि `Back` असल्यामुळे क्रमांक कार्डावर दिसतच नाही. `राज्यसेवा::कोकण भूगोल` हा डेकही आत्ताच बनवून ठेवा. आधीची बिघडलेली कार्डं `Browse` मध्ये निवडून डिलीट करा.

एक्सेलमधून सीएसव्ही सेव्ह केल्यावर ती नोटपॅडमध्ये उघडा आणि सगळ्यात वर पाच ओळी चिकटवा. पूर्ण फाइल अशी दिसेल:

```
#separator:Comma
#html:true
#notetype:कोकण
#deck:राज्यसेवा::कोकण भूगोल
#tags column:4
ko-001,वाशिष्ठी नदी कोणत्या खाडीतून समुद्राला मिळते?,दाभोळ,नद्या
ko-002,कोकण विभागातले सात जिल्हे कोणते?,"मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग",जिल्हे
ko-003,मुचकुंदी नदी कोणत्या खाडीतून समुद्राला मिळते?,जयगड,नद्या
ko-004,पालघर जिल्हा कधी झाला?,१ ऑगस्ट २०१४<br>(ठाण्यातून वेगळा),जिल्हे
```

या `#` च्या ओळी एक्सेलमध्ये टाकू नका. सेव्ह करताना एक्सेल त्यांच्या मागे रिकाम्या रकान्यांचे `,,,` लावतं आणि मग डेकचं नाव वगैरे जुळेलच असं नाही. एक्सेलच्या पहिल्या ओळीतली «प्रश्न, उत्तर» अशी शीर्षकंही सीएसव्हीतून काढा, नाहीतर त्याचंच एक कार्ड बनतं. तारखा अक्षरांत लिहा. `1/8/2014` लिहिलं की एक्सेल आपल्या मर्जीने तारखेचं रूप बदलतं. `#html:true` असताना उत्तरातली नवी ओळ `<br>` ने द्यायची, एक्सेलमधलं `Alt+Enter` कार्डावर नुसती स्पेस होतं. भूगोलात «पेक्षा कमी»चं चिन्ह क्वचितच येतं, पण आलं तर `&lt;` लिहा.

आता `File > Import`. आधी पाचच प्रश्नांची फाइल घेऊन बघा. खाली प्रिव्ह्यू दिसतो, त्यात चार रकाने सरळ दिसले पाहिजेत. `Existing notes` समोर `Update` असू द्या. काही बिनसलं तर `Ctrl+Z` ने अख्खं इम्पोर्ट मागे जातं.

वरच्या `ko-003` मध्ये मी मुद्दाम चूक ठेवलीय: जयगडला शास्त्री नदी मिळते, मुचकुंदी पूर्णगडला. एक्सेलमध्ये तेवढाच कप्पा सुधारा, सीएसव्ही पुन्हा काढा, पाच ओळी चिकटवा, इम्पोर्ट करा. तेच कार्ड बदलतं, नवीन येत नाही, आणि आतापर्यंतच्या उजळणीचा हिशेब, पुढची तारीख, सगळं जागच्या जागी राहतं. मग प्रश्नाची भाषा बदलली तरीही हेच, फक्त क्रमांक कधी बदलायचा नाही. मध्येच नवा प्रश्न घालायचा झाला तर त्याला `ko-301` द्या आणि यादीत कुठेही ठेवा. सगळे क्रमांक पुन्हा ओढून नव्याने भरलेत, तर दाभोळच्या कार्डाचा हिशेब दुसऱ्याच प्रश्नाला चिकटेल.