हप्ता एक चुकला, थकबाकी मात्र दर महिन्याला

टेम्पोच्या कर्जाचा जूनचा हप्ता खात्यात पैसे नसल्यानं परत गेला. जुलैपासून एकही चुकला नाही, तरी सिबिल रिपोर्टवर दर महिन्याला २६-२७ दिवस थकीत दिसतं. बँकेची चूक आहे का? – तासगाव

बहुधा नाही. आलेले पैसे आधी सर्वांत जुन्या थकीत हप्त्याला लागतात. समजा हप्ता १२,४०० रुपये आणि तारीख ५. मग ५ जुलैला कापलेले पैसे जूनच्या हप्त्यात गेले आणि त्याच दिवशी जुलैचा हप्ता थकला. ३० जूनला २६ दिवस, ३१ जुलैला २७, ऑगस्टअखेर पुन्हा २७. तुम्ही नियमित भरताय, पण कायम एक हप्ता मागे आहात.

यातून सुटायला एक जादा हप्ता भरावा लागेल. इथंच गफलत होते: ॲपवरून भरलेली जादा रक्कम कधी मुद्दल कमी करण्यासाठी घेतली जाते आणि थकबाकी जागच्या जागी राहते. म्हणून शाखेत लेखी द्या की रक्कम थकीत हप्त्यालाच लावा, आणि दोन दिवसांनी खातेउतारा काढून थकबाकी शून्य झाली का ते पाहा. मागच्या नोंदी मात्र पुसल्या जात नाहीत. रिपोर्टवर ३६ महिन्यांचा इतिहास दिसतो.

हप्ता चुकल्याचा दंड लावला, आता त्या दंडावरही व्याज धरलंय. चालतं का? – कराड

नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या परिपत्रकानुसार दंड वेगळा आकार म्हणून लावायचा. तो व्याजदरात मिसळायचा नाही आणि त्यावर व्याजही लावायचं नाही. थकलेल्या हप्त्यावर नेहमीचं व्याज मात्र चालू राहतं, त्यामुळे उताऱ्यात दोन्ही रकमा वेगळ्या करून मागा. हप्ता परत गेल्याबद्दल तुमच्या खात्याची बँकही शुल्क कापते, ते निराळं.

घरकर्जाचे १० जून आणि १० जुलैचे हप्ते राहिले. द्राक्षाचा व्यापारी पैसे देतो देतो म्हणतोय. माझ्याकडे किती वेळ आहे? – विटा

८ सप्टेंबर. त्या दिवशी जूनच्या हप्त्याला ९० दिवस होतात आणि रात्रीच्या हिशोबात खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी वसुली धोक्यात आलेलं कर्ज, होतं. त्याआधी, ९ ऑगस्टला, ते 'एसएमए-२' या धोक्याच्या गटात जाईल.

व्यापाऱ्याची वाट बघत दोन्ही हप्ते एकदम भरायचा हट्ट धरू नका. आज एकच हप्ता भरला, तरी तो जूनला लागेल, मोजणी १० जुलैपासून धरली जाईल आणि जवळपास महिना पदरात पडेल. एनपीए झाल्यावर ही सवलत उरत नाही. मग सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं नियमित होत नाही. तेव्हा कुणी कमी रकमेत मिटवून टाकू म्हणालं, तर सही करण्याआधी एवढं लक्षात घ्या: रिपोर्टवर 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' उमटतं, आणि पुढचा कर्ज देणारा ते पाहून बहुधा हात आखडता घेतो.