फ्रिजच्या दाराचं रबर: धुवायचं की बदलायचं?

प्रश्न: नागपुरात राहतो. पावसाळ्यात फ्रिजच्या दाराच्या रबरावर काळे डाग आलेत, वासही येतो. बदलावंच लागेल का?

उत्तर: लगेच नको, आधी धुऊन पाहा. बुरशी वरून दिसते तेवढीच नसते. रबराच्या घडीत सांडलेलं दूध-वरण आणि दमट हवेचं पाणी साचतं, वास तिथूनच येतो. फ्रिज बंद करून घडी बोटाने उघडा, कोमट साबणपाणी आणि जुन्या टूथब्रशने घासा, मग कोरडं पुसा. आता दारात कागद अडकवून ओढा, चारही बाजूंनी. कुठे सहज निसटला आणि तिथे रबर फाटलेलं किंवा कडक झालेलं असेल, तरच बदला. मुरलेला डाग मात्र धुऊनही राहू शकतो. वास गेला आणि पकड घट्ट असेल तर राहू द्या.