पूर्ण रोलवर झुलणारा डान्सर आणि अनवाइंडची ट्रिम

प्रश्न: आमच्या स्लिटर-रिवाइंडरवर अनवाइंडला मोटर आणि ड्राइव्ह आहे, डान्सरच्या स्थितीवरून पीआयडीची ट्रिम दिलेली आहे. नवा रोल लावला की डान्सर झुलतो. गेन कमी केला की झुलणे थांबते, पण रोल संपत आला की डान्सर स्टॉपला जाऊन टेकतो. ताण स्थिर ठेवायला किती गेन ठेवावा?

उत्तर:

तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून, तुमची ट्रिम मोटरच्या आरपीएममध्ये मिळवली जात असावी. तसे असेल तर पूर्ण रोलला आणि संपत आलेल्या रोलला एकच गेन कधीच मानवणार नाही. ट्रिम फिल्मच्या वेगात, म्हणजे मीटर प्रति मिनिटमध्ये मिळवा आणि त्यानंतर व्यासाने भागा. एवढ्या एका बदलाने बहुतेक त्रास जातो. कारण मात्र नीट समजून घ्यावे, म्हणजे पुढची जुळवणी अंदाजाने करावी लागणार नाही.

आधी ताणाविषयी. डान्सर असलेल्या यंत्रात ताण पीआयडी ठरवत नाही, तो हवेचा दाब ठरवतो. फिल्म डान्सरच्या रोलरला अर्धा वळसा घालून जाते, म्हणून रोलरवर फिल्मच्या दोन्ही पदरांची ओढ येते आणि सिलिंडरला ताणाच्या दुप्पट जोर लावावा लागतो. समजा फिल्ममध्ये ६० न्यूटन ताण हवा आहे, डान्सर आडवा सरकणारा आहे आणि सिलिंडरचा बोअर ३२ मिमी आहे. १२० न्यूटन जोर हवा, तर दाब साधारण १.५ बार ठेवावा लागेल. पीआयडीचे काम एवढेच, की डान्सर मधल्या जागेच्या आसपास राहावा आणि कोणत्याही टोकाला टेकू नये. तो मधल्या जागेपासून थोडा बाजूला उभा असला तरी ताण जवळजवळ तोच असतो. टोकाला टेकला की मात्र तो साधा आयडलर होतो आणि ताणावर कोणाचाच ताबा उरत नाही.

आता तुमच्या तक्रारीकडे येतो. उदाहरणासाठी लाइनचा वेग १२० मीटर प्रति मिनिट, पूर्ण रोलचा व्यास ६०० मिमी, कोअरचा बाहेरचा व्यास ९० मिमी आणि गिअरचे गुणोत्तर ३.५ धरू. पूर्ण रोलवर मोटर सुमारे २२३ आरपीएमने फिरते आणि कोअरपाशी सुमारे १४८५ आरपीएमने. पीआयडीचे आउटपुट ड्राइव्हच्या रेफरन्समध्ये १० टक्के, म्हणजे १५० आरपीएम, अशा मर्यादेने मिळवले आहे असे समजा. कोअरपाशी या १५० आरपीएमचा फिल्मच्या वेगावर होणारा परिणाम जेमतेम १२ मीटर प्रति मिनिट असतो. तेच १५० आरपीएम पूर्ण रोलवर ८१ मीटर प्रति मिनिट होतात, म्हणजे लाइनच्या वेगाच्या दोन तृतीयांश. पीआयडीच्या पडद्यावर गेनचा आकडा तोच दिसतो, पण व्यासाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ पावणेसात पटीने, खरा गेन बदललेला असतो. पूर्ण रोलवर झुलू नये म्हणून तुम्ही तो खाली आणता, आणि शेवटच्या थरांवर ट्रिमला जीवच उरत नाही.

डान्सर हा स्वभावानेच बेरीज करत जाणारा आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. अनवाइंडचा आणि लाइनचा वेग यांत किंचित फरक राहिला, तरी डान्सर एका जागी थांबत नाही, सरकतच राहतो. १ टक्का फरक म्हणजे सेकंदाला २० मिमी फिल्म. ती दोन पदरांत वाटली जाते, म्हणून डान्सर सेकंदाला १० मिमी सरकतो आणि मध्यापासून ७५ मिमीवर असलेल्या स्टॉपला साडेसात सेकंदांत पोहोचतो. यावरून गेनचा हिशेब सरळ निघतो. डान्सर ७५ मिमी सरकल्यावर १२ मीटर प्रति मिनिट दुरुस्ती मिळावी असे ठरवले, तर डान्सरचा परतीचा वेग सेकंदाला १०० मिमी होतो आणि लूपचा कालस्थिरांक ०.७५ सेकंद येतो. हा वेग शांत आहे आणि बहुतेक ड्राइव्हना झेपतो. तुमच्या आताच्या रचनेत पूर्ण रोलवर हाच कालस्थिरांक ०.११ सेकंदांच्या आसपास येतो. ड्राइव्ह, सिग्नलचा फिल्टर आणि पीएलसीचा स्कॅन मिळून होणारा उशीर जवळपास तेवढाच असू शकतो, आणि म्हणूनच डान्सर झुलतो.

पीएलसीमधली रचना अशी असावी:

```
Err      := PosSet - PosAct;                        // mm
Trim     := LIMIT(-12.0, Kp * Err + Integ, 12.0);   // m/min
WebRef   := LineSpeed + Trim;                       // m/min
MotorRPM := WebRef * Gear / (3.1416 * Dia);         // Dia in m
```

येथे `PosAct` फिल्मचा लूप वाढताना वाढते असे धरले आहे. लूप आखडला की अनवाइंडचा वेग वाढला पाहिजे. वरच्या हिशेबाने `Kp` ०.१६ येतो. `LineSpeed` ओढणाऱ्या निप रोलरच्या एन्कोडरवरून घ्यावा.

याऐवजी काही जण ट्रिम टक्केवारीत लावतात, म्हणजे व्यासाने भागून आलेला वेग १.०५ किंवा ०.९५ ने गुणतात. त्याने व्यासाचा प्रश्न सुटतो, पण दुसरा उभा राहतो. लाइन १२ मीटर प्रति मिनिटवर रांगत असताना १० टक्के ट्रिम म्हणजे फक्त १.२ मीटर प्रति मिनिट. कालस्थिरांक साडेसात सेकंद होतो, आणि लाइन थांबलेली असताना ट्रिम शून्यच असते. यंत्र सुरू करताना डान्सर हमखास आदळतो तो अशाच ठिकाणी. मीटर प्रति मिनिटमध्ये मिळवलेली ट्रिम उभ्या लाइनलाही चालते, त्यामुळे फिल्म ओवल्यावर डान्सर स्वतःहून मध्यावर येतो आणि मगच लाइन सुटते.

इंटिग्रलविषयी माझा आग्रह आहे की त्याला फार काम देऊ नये. डान्सर आधीच बेरीज करतो, त्यावर पीआयडीची दुसरी बेरीज चढवली की संथ, लांब हेलकावे सुरू होतात. इंटिग्रल टाइम कालस्थिरांकाच्या किमान चौपट, म्हणजे इथे ३ सेकंदांहून जास्त ठेवावा. प्रत्यक्षात मी ६ ते ८ सेकंदांपासून सुरुवात करतो. लाइन थांबली की इंटिग्रल गोठवावा.

मग राहतो व्यास. लाइनचा वेग आणि मोटरचे आरपीएम यांवरून तो काढता येतो, मात्र डान्सर स्थिर असतानाच आणि काही फेऱ्यांची सरासरी घेऊनच काढावा, आणि अनवाइंडवर तो वाढू देऊ नये. खरी अडचण नव्या रोलच्या पहिल्या मिनिटात येते. ऑपरेटरने ५०० मिमीचा रोल लावला आणि पडद्यावर ६०० तसेच राहिले, तर फिल्म हवी त्यापेक्षा सहाव्या हिश्शाने सावकाश सुटते. ३० मीटर प्रति मिनिटवर ही तूट भरायला ६ मीटरची ट्रिम लागते, डान्सर साधारण ३७ मिमी सरकून उभा राहतो आणि यंत्र चालते. ६० मीटरवर पूर्ण १२ मीटर लागतात. त्याच्या पुढे मर्यादा संपते आणि डान्सर स्टॉपला जातो. म्हणून रोल बदलल्यावर लाइन ३० मीटरवर दहाएक सेकंद चालवावी, म्हणजे रोलच्या तीन फेऱ्या होतात आणि मोजलेला व्यास जागेवर येतो. ट्रिमची मर्यादा वाढवून ही चूक झाकणे मला पटत नाही, कारण त्यामुळे फिल्म तुटून लाइन थांबल्यावर अनवाइंड तेवढ्याच जोरात उलटा पळतो.

हा बदल केल्यावर लक्षण उलटे झाले, म्हणजे पूर्ण रोल शांत आणि कोअरपाशी हेलकावे, तर ड्राइव्हमधला अ‍ॅक्सिलरेशन रॅम्प पाहा. माझ्या एका यंत्रावर तो १० सेकंदांवर राहून गेला होता आणि आम्ही दोन दिवस पीआयडी चाळत बसलो होतो. पूर्ण रोलवर १२ मीटरची दुरुस्ती म्हणजे मोटरचे फक्त २२ आरपीएम, ते रॅम्पमधून लगेच निघून जातात. कोअरपाशी तीच दुरुस्ती जवळपास १५० आरपीएमची होते आणि पोहोचायला एक सेकंद लागतो. रॅम्प लाइनच्या मास्टर रेफरन्सला असावा, अनवाइंडच्या ड्राइव्हमध्ये तो शक्य तितका शून्याजवळ आणावा. शिवाय पूर्ण रोलवर लाइन १२ मीटरने रांगत असताना ही मोटर २२ आरपीएमने फिरत असते. साध्या व्ही/एफ मोडमध्ये इतक्या कमी वेगावर ती धड चालत नाही, एन्कोडरसह व्हेक्टर मोड लागतो.

गेनला हात लावण्यापूर्वी दोन तपासण्या कराव्यात. रोलच्या कडेला खडूची खूण करा आणि डान्सरच्या दहा हेलकाव्यांत खूण किती वेळा वर येते ते मोजा. हेलकावा आणि फेरी एकास एक जुळत असतील, आणि रोल लहान होईल तसा हेलकाव्याचा कालावधीही आखडत असेल, तर रोल गोल नाही किंवा शाफ्टवर नीट बसलेला नाही. ६०० मिमीच्या रोलवर हा हेलकावा जवळजवळ सेकंदाला एक असतो आणि त्यावर गेनचा इलाज नाही. डान्सर तो पोटात घेतो हेच त्याचे काम आहे. कालावधीचा फेरीशी मेळ नसेल, तर दोष लूपमध्ये आहे.

दुसरी तपासणी यंत्र बंद ठेवून, फिल्म काढून आणि हवा चालू ठेवून करायची. रोलरच्या मध्याला पट्टा घालून स्प्रिंग बॅलन्सने डान्सर सिलिंडरच्या विरुद्ध सावकाश ओढा आणि आकडा वाचा, मग तसाच सावकाश परत जाऊ द्या आणि पुन्हा वाचा. १२० न्यूटनऐवजी ओढताना १३५ आणि परतताना १०५ दिसले, तर घर्षण १५ न्यूटन आहे आणि ६० न्यूटनचा ताण दोन्ही बाजूंना साडेसात न्यूटनने हलतो आहे. असा डान्सर अडकतो, मग एकदम सुटतो, आणि ट्रेंडवर ते अगदी जास्त गेनसारखे दिसते. यावर कमी घर्षणाचा सिलिंडर बसवावा आणि रेग्युलेटर जादा हवा बाहेर सोडणाऱ्या प्रकारचा घ्यावा. नाहीतर डान्सर आत दाबला जाताना कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो, आणि पीआयडी अचूक असूनही ताण सरकतो.