हिस्टोग्राममधील फटी काय सांगतात?

काही छायाचित्रांच्या हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कोणत्या छटेचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखात, ठरावीक अंतराने उभ्या फटी दिसतात. त्या कशामुळे पडतात?

आठ बिटांच्या चित्रात प्रत्येक रंगाच्या चॅनेलला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात आणि पिक्सेलची किंमत पूर्णांकातच असावी लागते. समजा, मूळ चित्रातील सगळ्या छटा ५० ते २०० यांच्या दरम्यान होत्या आणि कॉन्ट्रास्ट वाढवताना त्या ० ते २५५ पर्यंत ताणल्या गेल्या. येथे प्रत्येक पायरी १.७ पट होते, म्हणून ५० चे ०, ५१ चे २, ५२ चे ३ आणि ५३ चे ५ होतात, तर १ आणि ४ यांवर एकही पिक्सेल उरत नाही. छटा मुळात १५१ असल्याने १०५ जागा रिकाम्याच राहतात आणि आलेख कंगव्यासारखा दिसू लागतो. छटा आवळल्या तर याच्या उलट घडते: शेजारच्या दोन किंमती एकाच जागी येऊन तिथे सुळका उभा राहतो. वक्राने फक्त गडद भाग उजळला असेल, तर फटी डावीकडे आणि सुळके उजवीकडे सापडतात.

असा कंगवा दिसला, तर छायाचित्र बनावट ठरवता येईल का?

नाही. छटांची फेरमांडणी झाली, एवढेच त्यावरून कळते, आणि ती स्कॅनरच्या सॉफ्टवेअरनेही केलेली असू शकते. माझ्या मते खरा उपयोग भागांची तुलना करण्यात आहे. समूहचित्रातील एका व्यक्तीभोवती निवड करून तिचा हिस्टोग्राम पाहावा, मग तशाच उजेडातील शेजारच्या व्यक्तीचा. एकीकडे नियमित फटी आणि दुसरीकडे सलग आलेख असेल, तर त्या भागावर स्वतंत्र संस्करण झाले आहे. तो बाहेरून आणून जोडला की केवळ तिथल्या तिथे उजळला, हे मात्र कडा, सावल्या आणि नॉइज तपासूनच ठरवावे लागते. निवड फार लहान घेऊ नये, कारण ४० × ४० च्या चौकटीत अवघे १,६०० पिक्सेल असतात आणि तेवढ्यात फटी आपोआप पडतात, फक्त त्यांना नियमितपणा नसतो. लाल, हिरवा आणि निळा हे चॅनेल वेगवेगळे पाहावेत. तिन्ही मिळून काढलेल्या उजळपणाच्या आलेखात फटी बुजतात, आणि फक्त निळ्यात केलेला बदल फक्त निळ्यातच स्पष्ट दिसतो.

फटी नसतील, तर चित्र अस्सल मानावे का?

तसेही मानता येत नाही. बदलानंतर चित्र जेपेगमध्ये पुन्हा साठवले किंवा त्याचा आकार बदलला, की नव्या मधल्या किंमती तयार होऊन फटी भरतात. सोळा बिटांत संस्करण करून शेवटी आठ बिटांत आणले, तर सहसा त्या पडतच नाहीत. शिवाय फोटोशॉपच्या हिस्टोग्राम पॅनेलवर इशाऱ्याचा त्रिकोण दिसत असेल, तर आलेख साठवलेल्या लहान प्रतीवरून काढलेला असतो. त्या त्रिकोणावर क्लिक करून पूर्ण चित्राचा आलेख घेतल्याशिवाय फटी आहेत किंवा नाहीत, यांपैकी काहीच नोंदवू नये.