अल्फा आणि बीटा चाचणीतला फरक

प्रश्न: अल्फा टेस्टिंग आणि बीटा टेस्टिंग यांत नेमका फरक काय? लोकांनी दिलेल्या अभिप्रायातून दुरुस्ती कशी होते?

उत्तर: सॉफ्टवेअरची अल्फा चाचणी ते बनवणाऱ्या संस्थेच्या आतच, ठरावीक उपकरणांवर, परीक्षक आणि सहकारी करतात, बीटा चाचणीत जवळजवळ तयार झालेली आवृत्ती बाहेरच्या मर्यादित वापरकर्त्यांच्या हाती, त्यांच्याच फोनवर आणि त्यांच्याच नेटवर्कवर दिली जाते.

खरे कष्ट अभिप्राय गाळण्यात असतात. समजा, ‘फोटो जोडताना अ‍ॅप बंद पडते’ अशा वीस तक्रारी आल्या. प्रथम प्रत्येकीसोबत अ‍ॅपची आवृत्ती, फोनचे मॉडेल आणि क्रॅश लॉग, म्हणजे बंद पडतानाची आपोआप झालेली नोंद, आहे का, हे पाहतात. लॉगमधील स्टॅक ट्रेस, म्हणजे बंद पडण्याच्या क्षणी कोडचे कोणते भाग चालू होते याचा माग, सारखा असलेल्या सतरा तक्रारी एकाच नोंदीखाली जातात, दोन जुन्या आवृत्तीच्या निघतात आणि एक प्रत्यक्षात नव्या सोयीची मागणी असते. त्या सतराही फोनांची रॅम कमी असल्याचे दिसले, की तसाच फोन घेऊन मोठा फोटो जोडून दोष पुन्हा घडवून पाहतात. कारण सापडते: अ‍ॅप पूर्ण आकाराचा फोटो एकदम मेमरीत उघडत होते. अल्फात सर्वांचे फोन भारी असल्यामुळे हे दिसलेच नव्हते. फोटो लहान करून उघडण्याची दुरुस्ती नव्या बीटा आवृत्तीत जाते, आणि तक्रारदारांकडून खात्री झाल्यावरच नोंद बंद होते.

तक्रारींच्या संख्येवरून मात्र प्राधान्य ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. माहिती पुसली जात असल्याची एकच तक्रार बटणाच्या रंगाबद्दलच्या पन्नास तक्रारींच्या आधी हाताळावी लागते.